पाच ट्रेड की एकच मोठी पैज?

"एका ट्रेडमध्ये भांडवलाच्या १ टक्क्याहून जास्त जोखीम घेऊ नका. वेगवेगळ्या सेक्टरचे पाच शेअर घ्या, जोखीम आपोआप विभागली जाते. प्रत्येकाचा स्टॉपलॉस लागण्याची शक्यता २० टक्के धरली तरी पाचही एकत्र लागण्याची शक्यता तीन हजारांत एकदा. एखादा शॉर्ट ठेवला की हेजही झालं. शंका असेल तर वर्षभराचं कोरिलेशन काढा, आकडा कमी आला की निर्धास्त झोपा."

ट्रेडरमध्ये फिरणाऱ्या या मेसेजमधलं पहिलं वाक्य बरोबर आहे आणि त्याच्याच जोरावर बाकीची वाक्यं खपून जातात. १ टक्क्याचा नियम एका ट्रेडला लागू होतो. पण 'एक ट्रेड' म्हणजे डीमॅट खात्यातली एक ओळ, हे कुणी ठरवलं? बाजार आपल्या ओळी मोजत नाही.

यासाठी ४ जून २०२४ हा दिवस नीट पाहायला हवा. लोकसभेचा निकाल त्या दिवशी लागला. शनिवारी, १ जूनच्या संध्याकाळी आलेल्या एक्झिट पोलनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या पुढे नेलं होतं. सोमवारी ३ जूनला निफ्टी सव्वातीन टक्के वर जाऊन २३,२६४ च्या आसपास बंद झाला आणि सरकारी कंपन्यांचे शेअर त्याच्याही पुढे धावले. चार्टवर ब्रेकआउट दिसत होते, व्हॉल्यूम होता. समजा, कुणी १० लाखांच्या खात्यातून त्या दिवशी बंद होताना स्टेट बँक, एनटीपीसी, पॉवर ग्रिड, ओएनजीसी आणि कोल इंडिया असे पाच शेअर प्रत्येकी २ लाखांचे घेतले. प्रत्येकाला ५ टक्क्यांवर स्टॉपलॉस, भाव तेवढा पडला की विकून बाहेर, म्हणजे ट्रेडमागे १०,००० रुपयांची, भांडवलाच्या बरोबर १ टक्क्याची जोखीम. वरच्या मेसेजप्रमाणे अगदी काटेकोर काम. सेक्टर पाहिले तर बँक, वीजनिर्मिती, वीजवहन, तेल आणि कोळसा. सगळे वेगळे.

पण ही यादी सेक्टर झाकून वाचा. पाचही कंपन्यांत केंद्र सरकारचा वाटा निम्म्याहून जास्त आहे. पाचही शेअर ३ जूनला एकाच कारणाने वर गेले: हेच सरकार भक्कम बहुमताने परत येईल आणि सरकारी खर्चाचं धोरण तसंच चालू राहील, ही अपेक्षा. म्हणजे विकत घेतलेली गोष्ट एकच होती, पावत्या पाच होत्या. सेक्टर हे कंपनी काय विकते त्यावरून पाडलेलं वर्गीकरण आहे. आपली पोझिशन कशामुळे बुडेल, हे त्यातून कळत नाही. शिवाय बँकेचा, तेलाचा आणि कोळशाचा शेअर धरणारे फंड पुष्कळदा तेच असतात. त्यांना बाहेर पडायचं ठरलं की ते तिन्ही एकदम विकतात.

४ जूनला मतमोजणीचे कल येऊ लागले आणि भाजप स्वबळावर २७२ गाठणार नाही हे स्पष्ट होत गेलं. शेवटी पक्षाला २४० आणि आघाडीला २९३ जागा मिळाल्या. निफ्टी दिवसअखेर ५.९३ टक्के पडून २१,८८४.५० वर बंद झाला. आपले पाच शेअर मात्र साधारण १२ ते १६ टक्के पडले, म्हणजे प्रत्येक जण निर्देशांकाच्या दुपटीने किंवा त्याहून जास्त. दुपारपर्यंत पाचही स्टॉपलॉस लागून गेले असते. तोटा ५०,००० रुपये, वर घसरणीच्या वेगात निसटलेला भाव वेगळा. आणि ज्याने स्टॉपलॉस सिस्टिममध्ये न टाकता 'मनात' ठेवला आणि 'बंद होईपर्यंत सावरेल' म्हणून थांबला, त्याचे जवळपास १ लाख ४० हजार गेले. १ टक्का जोखीम घेणाऱ्या माणसाचं १४ टक्के भांडवल एका दिवसात गेलं, तेही एकाही ट्रेडचा आकार ठरवताना गणित न चुकवता.

आता 'तीन हजारांत एकदा' या हिशेबाकडे. ०.२ पाच वेळा गुणलं की ०.०००३२ येतं, म्हणजे ३,१२५ मध्ये एकदा. गुणाकार बरोबर आहे, पण तो इथे करताच येत नाही. शक्यतांचा असा गुणाकार घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच चालतो. इथे एक स्टॉपलॉस निकालामुळे लागला, हे कळलं की उरलेल्या चारांची शक्यता २० टक्के राहत नाही, ती जवळजवळ खात्री होते. सरळ पद्धतीने मोजा. पाचही शेअरना एकदम पाडेल अशी एक समान घटना घडण्याची शक्यता फक्त ५ टक्के धरली, तरी पाचही स्टॉपलॉस एकत्र लागण्याची शक्यता किमान ५ टक्के झाली, म्हणजे वीसांत एकदा. मेसेजमधल्या आकड्याच्या दीडशेपट. या एका चुकीच्या गुणाकारावर लोक पोझिशनचा आकार ठरवतात आणि मला या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच वाटतं, कारण ते गणितासारखं दिसतं.

पाच पोझिशन खरं तर किती पैजा आहेत, याचा ढोबळ अंदाज काढता येतो. सगळ्या पोझिशन सारख्या जोखमीच्या आहेत आणि त्यांच्यातलं सरासरी कोरिलेशन, म्हणजे त्या किती एकत्र हलतात याचा आकडा, r आहे असं धरा:

```
खऱ्या पैजा = N / (1 + (N - 1) * r)
N = 5, r = 0.7  ->  5 / 3.8 = 1.3
```

कोरिलेशन शून्य असेल तर पाचच्या पाच. ०.३ असेल तर सव्वादोन. ०.७ ला उरते जेमतेम सव्वा पैज. तेव्हा खात्याचा चढउतारही एका पोझिशनच्या ४.३६ पट होतो. पाचही शेअर पूर्णपणे एकासारखा एक हलले असते तर तो पाचपट झाला असता, म्हणजे 'विभागणी'ने वाचवलं ते एवढंच. सहावा आणि सातवा शेअर त्याच कल्पनेवर घेतला तर हा आकडा जागचा हलतही नाही: r ०.७ असताना दहा पोझिशन घेतल्या तरी खऱ्या पैजा १.४ च्या आतच राहतात.

हेजबद्दल, म्हणजे एका पोझिशनचा तोटा दुसरीने भरून काढण्याबद्दल, जरा थांबून बोलायला हवं, कारण इथे नवखेच नाही, मुरलेले लोकही फसतात. शॉर्ट म्हणजे भाव पडेल म्हणून आधी विकणं, लाँग म्हणजे वाढेल म्हणून घेणं; त्यामुळे शॉर्ट म्हटलं की तो लाँगच्या विरुद्ध असणार असं आपण धरून चालतो. ३ जूनला पुष्कळांना वाटत होतं की पैसा आता सरकारी आणि भांडवली कंपन्यांकडे जाईल आणि साबण-बिस्किटांच्या कंपन्या मागे पडतील. म्हणून वरच्या पाच शेअरसोबत कुणी हिंदुस्तान युनिलिव्हर शॉर्ट केला असता तर? निफ्टी सहा टक्के पडला त्या दिवशी हा शेअर सुमारे सहा टक्के वर बंद झाला. नेस्ले आणि ब्रिटानियाही वर गेले. घाबरलेला पैसा तिथेच आसरा शोधत होता. त्यामुळे लाँगमध्ये तोटा, आणि वर शॉर्टच्या प्रत्येक लाखामागे सहा हजारांचा आणखी तोटा. तो शॉर्ट हेज नव्हताच. तो त्याच पैजेचा सहावा भाग होता, फक्त बटण लाल होतं.

निफ्टी शॉर्ट केला असता तर गोष्ट वेगळी. शेअर तारण ठेवून १० लाखांचा निफ्टी शॉर्ट धरा. ५.९३ टक्क्यांच्या घसरणीत सुमारे ५९,००० मिळाले असते आणि बंद भावापर्यंतचा १ लाख ४० हजारांचा तोटा ८१,००० वर आला असता. उपयोग झाला, पण अर्ध्याहूनही कमी. त्या शॉर्टने बाजाराची जोखीम काढली. उरलेले ८१,००० ही 'सरकारी शेअर बाजारापेक्षा चांगले चालतील' या कल्पनेची किंमत, आणि तिला निफ्टीचा शॉर्ट हात लावू शकत नाही. हेज घेताना म्हणूनच आधी हे लिहून काढावं की तो नेमका कोणता भाग काढतोय आणि कोणता शिल्लक ठेवतोय.

वर्षभराच्या कोरिलेशनचा मुद्दा लवकर आटपतो. अनेक जण दोन शेअरच्या भावांचं कोरिलेशन काढतात. ते चूक आहे, कारण चढत्या वर्षात कुठलेही दोन चढते भाव एकमेकांशी जुळलेले दिसतात. रोजच्या टक्केवारीतल्या बदलांचं कोरिलेशन काढावं:

```
=CORREL(B2:B251, C2:C251)
```

इथे B आणि C स्तंभांत गेल्या वर्षभरातल्या साधारण २५० व्यवहाराच्या दिवसांचे टक्केवारी बदल आहेत. पण तो आकडाही शांत दिवसांचाच असतो. वर्षातल्या बहुतेक दिवशी बँकेचा शेअर बँकेच्या बातमीवर हलतो आणि कोळशाचा कोळशाच्या, म्हणून आकडा कमी येतो. नेमक्या भीतीच्या दिवशी सगळे एकाच बातमीवर हलतात. २३ मार्च २०२० ला निफ्टी १२.९८ टक्के पडला तेव्हा सेक्टर शोधूनही वेगळा दिसत नव्हता. त्याआधीच्या पंधरवड्यात सोनंसुद्धा आंतरराष्ट्रीय बाजारात औंसाला १,७०० डॉलरच्या जवळून १,५०० च्या खाली आलं होतं, कारण इतरत्र मार्जिन भरायला लोक जे विकता येईल ते विकत होते. म्हणून मी वर्षभराच्या आकड्याशेजारी दुसरा एक आकडा पाहतो: निफ्टी सर्वांत जास्त पडला अशा दहा दिवशी माझ्या पाचपैकी किती पोझिशन एकत्र लाल होत्या. पाच किंवा चार येत असतील तर वर्षभराचा ०.३ मला उपयोगाचा नाही.

याहून सोपी खूण तर नफ्याच्या दिवशीच मिळते. ३ जूनला हे पाचही शेअर एकदम हिरवे होते. अशा संध्याकाळी माणूस स्वतःच्या पाच निवडींवर खूश होतो. खरं तर ती पैज एकच असल्याची तक्रार तेव्हाच समोर आलेली असते, फक्त रकमेपुढे अधिक चिन्ह असल्यामुळे ती कुणी वाचत नाही.

मग करायचं काय? प्रत्येक पोझिशनपुढे एका वाक्यात लिहायचं: ही कशामुळे तोट्यात जाईल. 'भाव पडला तर' हे उत्तर चालणार नाही, घटना लिहायची. वरच्या पाचांपुढे 'निकाल अपेक्षेपेक्षा कमजोर लागला तर' हेच वाक्य पाच वेळा आलं असतं. ज्यांचं वाक्य सारखं, त्यांचा गट एक, आणि गटाला मिळून जोखीम १ टक्का. म्हणजे १० लाखांच्या खात्यात प्रत्येकी २,००० रुपये, ५ टक्क्यांच्या स्टॉपलॉसने प्रत्येकी ४०,००० चे शेअर. स्टॉपलॉस सगळे लागले तरी १०,०००, आणि न लावता बंद भावापर्यंत धरले तरी २८,०००. कुणाला निकालावर मोठीच पैज लावायची असेल तर जरूर लावावी, गटाला ३ टक्के द्यावेत. पण ते ३ टक्के ऑर्डर टाकण्याआधी वहीत एका आकड्यात लिहिलेले असावेत आणि पाचांत वाटणी त्यानंतर व्हावी.