चढ 10ने, उतार 40ने: सरासरी चाल 25 का येत नाही

"सायकलने घाट ताशी 10ने चढलात आणि ताशी 40ने उतरलात, तर सरासरी ताशी 25. सरासरी म्हणजे बेरीज करून दोनने भागायचं, एवढं चौथीतल्या मुलालाही कळतं. 2xy/(x+y) हे सूत्र परीक्षेत मुलांना अडकवण्यासाठी काढलेलं आहे. प्रत्यक्षात फरक पडतो तो दोन-तीन किलोमीटरचा. आणि चढावर गेलेला वेळ उतारावर भरून काढता येतोच."

वरच्या संदेशाला उत्तर देण्याआधी एक शब्द स्पष्ट करतो. रोजच्या बोलण्यात आपण वेग म्हणतो, पण जिथून निघालो तिथेच परत आलो तर विस्थापन शून्य होते आणि पाठ्यपुस्तकातल्या अर्थाने सरासरी वेगही शून्य होतो. इथे प्रश्न आहे तो सरासरी चालीचा, म्हणजे एकूण कापलेले अंतर भागिले त्याला लागलेला एकूण वेळ. दुसरी कोणतीही व्याख्या नाही, आणि पुढचे सर्व काही याच एका भागाकारातून निघते.

आता बेरजेचा मुद्दा. घाटाचा रस्ता 8 किलोमीटरचा धरू. सिंहगडाचा पायथ्यापासून वाहनतळापर्यंतचा रस्ता जवळपास तेवढाच आहे. ताशी 10 किलोमीटरने तो चढायला 48 मिनिटे लागतात आणि ताशी 40 किलोमीटरने उतरायला 12. जाऊन-येऊन 16 किलोमीटर, एकूण वेळ बरोबर 1 तास. म्हणून सरासरी चाल ताशी 16 किलोमीटर. ती खरोखर 25 असती, तर त्या तासात सायकल 25 किलोमीटर गेली असती. पण घाट मुळात जाऊन-येऊन 16 किलोमीटरचाच आहे.

हँडलवरच्या मीटरचे काम पाहिले की ही गोष्ट डोळ्यांसमोर येते. साध्या मीटरसाठी चाकाच्या आरीला एक लहान चुंबक लावलेला असतो आणि मीटर चाकाच्या फेऱ्या व वेळ एवढेच मोजतो. चाकाचा परीघ 2.1 मीटर असेल, तर 8 किलोमीटर चढताना सुमारे 3,800 फेऱ्या होतात आणि उतरतानाही तेवढ्याच. चाकाच्या दृष्टीने दोन्ही टप्पे सारखे आहेत, घड्याळाच्या दृष्टीने मात्र नाहीत. त्या तासातली 48 मिनिटे मीटरवर 10 हा आकडा होता आणि 40 फक्त 12 मिनिटे. दोघांना सारखे वजन देऊन दोनने भागणे म्हणजे त्या 48 मिनिटांची आणि 12 मिनिटांची किंमत एकच धरणे होय.

संदेशातली रीत मुळातच चुकीची आहे असे मी म्हणत नाही. टप्पे सारख्या वेळेचे असतील, तर ती अचूक आहे. कोणी अर्धा तास ताशी 10ने आणि पुढचा अर्धा तास ताशी 40ने गेला, तर तो 5 आणि 20 मिळून 25 किलोमीटर जातो, आणि त्याची सरासरी चाल 25च येते. प्रश्न इतकाच विचारायचा की दोन टप्प्यांत सारखे काय आहे. वेळ सारखा असेल तर चालींची बेरीज करून दोनने भागावे. अंतर सारखे असेल तर तसे करता येत नाही.

यातूनच सूत्राविषयीच्या आरोपाचेही उत्तर मिळते. अंतर सारखे असताना ज्यांची साधी सरासरी घ्यायची ते आकडे चालीचे नसून दर किलोमीटरला लागलेल्या वेळेचे असतात, हे धावपटूंना सवयीने माहीत असते, कारण ते "किलोमीटरला किती मिनिटे" याच भाषेत बोलतात. चढावर किलोमीटरला 6 मिनिटे लागली, उतारावर दीड मिनिट. दोघांची सरासरी पावणेचार मिनिटे. पावणेचार मिनिटांत एक किलोमीटर, म्हणजे तासात 16 किलोमीटर. दोन चालींना x आणि y धरून हेच अक्षरांत मांडले की 2xy/(x+y) मिळते, आणि गणितात त्याला हरात्मक मध्य म्हणतात. मुले हे सूत्र पाठ करतात आणि कुठे लावायचे ते विसरतात, ही तक्रार मला पूर्ण मान्य आहे. पण तो दोष शिकवण्याचा आहे, सूत्राचा नव्हे.

फरक दोन-तीन किलोमीटरचाच पडतो, हा समज बहुधा मोटारीच्या उदाहरणांवरून आला असावा. जाताना 40 आणि येताना 60 असेल, तर खरी सरासरी 48 येते आणि साध्या बेरजेने 50, म्हणून चूक किरकोळ वाटते. पण दोन उत्तरांतला फरक (x−y)²/(2(x+y)) इतका असतो, म्हणजे चालींमधल्या तफावतीच्या वर्गाबरोबर तो वाढतो. आपल्या घाटात तो 9 किलोमीटर आहे. साध्या सरासरीचे 25 आणि खरे 16 यांतली ही चूक खऱ्या उत्तराच्या निम्म्याहून जास्त आहे.

शेवटचा दावा मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो वाचून कोणी उतारावर ब्रेक सोडून देऊ शकतो. समजा, चढ 10ने चढून झाल्यावर एखाद्याने ठरवले की पूर्ण फेरीची सरासरी 20 करायची. 16 किलोमीटर ताशी 20ने जायला 48 मिनिटे लागतात, आणि ती 48 मिनिटे तर वर पोहोचेपर्यंतच संपलेली आहेत. उतरायला एक सेकंदही उरलेला नाही, म्हणजे कोणत्याही चालीने उतरले तरी 20 गाठता येणार नाही. सारख्या अंतराच्या दोन टप्प्यांत सरासरी ही संथ टप्प्याच्या दुपटीपर्यंत कधीच पोहोचत नाही. 18चे उद्दिष्ट ठेवले तरी उतारासाठी 5 मिनिटे 20 सेकंद मिळतात, म्हणजे घाटाच्या वळणांवर ताशी 90 किलोमीटर.

उलट बाजूने पाहिले तर हिशोब आणखी बोलका होतो. उतारावरची चाल 40वरून 80 केली, तर 6 मिनिटे वाचतात आणि सरासरी 16वरून 17.8 होते. त्याऐवजी चढावरची चाल 10वरून 12 केली आणि उतार पूर्वीसारखाच सांभाळून उतरला, तर 8 मिनिटे वाचतात आणि सरासरी जवळपास 18.5 होते. जिथे वेळ जातो तिथेच तो वाचवता येतो, आणि घाटात वेळ चढावर जातो.

सूत्राची मर्यादाही सांगायला हवी. वर पोहोचून पिठलं-भाकरीसाठी 20 मिनिटे थांबलो, तर त्या टप्प्याची चाल शून्य आहे म्हणून ती सूत्रात घालता येत नाही, कारण त्या टप्प्याला अंतरच नाही आणि टप्पे सारख्या अंतराचे राहिलेले नाहीत. तिथे पुन्हा मूळ भागाकाराकडे यावे: 16 किलोमीटर, 80 मिनिटे, सरासरी ताशी 12. चाक थांबले की वेळ मोजणेही थांबवणारा मीटर मात्र घरी आल्यावर 16च दाखवेल. दोन आकडे जुळत नाहीत म्हणून मीटर बिघडला असे समजू नये. त्याने थांबलेली 20 मिनिटे धरली की नाही, एवढे तपासावे.