जर्मनचं भांडं

आमचा खंड्या गेल्या सोमवारी गेला. तेरा वर्षांचा होता. गावठी, तांबूस, शेपटीचं टोक पांढरं. शुक्रवार पेठेतल्या घराच्या सोप्यात त्याचं जर्मनचं भांडं असायचं. आई ते रोज सकाळी भरायची आणि संध्याकाळी उरलेलं पाणी तुळशीला ओतायची.

गेल्या डिसेंबरात तुळशीला ओतायला पाणी उरेना. दुपारीच भांडं कोरडं व्हायचं. आण्णा म्हणाले, "पितंय की पाणी, बरं हाय." आम्हालाही बरंच वाटलं. थंडीच्या दिवसांत कुत्रं एवढं पाणी का पितंय, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. मग तो रात्री दोनदा दार खरवडायला लागला. लघवी भरपूर आणि अगदी पाण्यासारखी, ना रंग ना वास. तेव्हाही आम्ही म्हातारपण म्हणालो. यात दोन महिने गेले.

ते दोन महिने मला अजून टोचतात, म्हणून हे लिहितोय. मूत्रपिंड कमजोर झालं की लघवी घट्ट करण्याची ताकद जाते. पाणी शरीरात थांबत नाही, म्हणून कुत्रं जास्त पितं. म्हणजे तहान ही तब्येतीची खूण नसते, बाहेर गेलेलं पाणी भरून काढायची धडपड असते. अठरा किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण लिटरभर पाणी पुरतं. आम्ही शेवटी मापानं मोजलं, तेव्हा खंड्या दोन लिटरच्या पुढं गेला होता. रक्त तपासलं, क्रिएटिनिन 4.8 निघालं. दीडच्या आत असायला हवं. डॉक्टर म्हणाले, हा आकडा उशिरा हलतो. दोन्ही मूत्रपिंडांचं मिळून पाऊण काम बंद पडेपर्यंत तो बराचसा ठीकच दिसतो. लघवी त्याच्या आधी पातळ होते. म्हणून म्हाताऱ्या कुत्र्याचं पाणी वाढलं तर रक्ताबरोबर लघवीही तपासून घ्या. लवकर कळलं असतं तर तो बरा झाला असता असं नाही, गेलेलं मूत्रपिंड परत येत नाही. पण आहारपाणी आधी सुरू झालं असतं, आणि चांगले दिवस थोडे जास्त मिळाले असते.

आहार म्हणजे पहिल्यांदा रविवारचं हाड बंद. हाडात फॉस्फरस, आणि तो बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडाचंच. तेरा वर्षं दर रविवारी पांढऱ्या रश्श्याचं मटण शिजायला लागलं की हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसायचा. आत कधी पाय टाकला नाही. आईनं त्या रविवारपासून घरात मटण आणणंच थांबवलं.

एक दिवसाआड सलाईन मी द्यायचो. रिंगर लॅक्टेटची बाटली कोमट पाण्यात धरायची, म्हणजे गार पाणी आत जाताना तो दचकत नाही. दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलायची, तंबूसारखी उभी राहते, तिच्या बुडाशी सुई सरकवायची. एका वेळेला अडीचशे मिली. पाठीवर उंटासारखा उंचवटा यायचा, आणि रात्रीपर्यंत तो पुढच्या पायाकडं उतरत उतरत जिरायचा. पहिल्या दिवशी माझा हात थरथरला, सुई कातडीच्या दुसऱ्या बाजूनं बाहेर आली आणि सगळं पाणी केसांवरून गळालं. तो हलला नाही. आण्णा त्याचं तोंड धरून बसले होते, पण धरायची गरज नव्हती.

चार महिने चाललं. मग तोंडाला उग्र वास यायला लागला, जिभेच्या कडेला फोड आले. शेवटच्या आठवड्यात तो भांड्याजवळ जायचा, काठावर हनुवटी टेकवायचा आणि तसाच उभा राहायचा. पाणी समोर असायचं, तो प्यायचा नाही. मळमळ असली की करतात असं, डॉक्टरांनी सांगितलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, त्याला सगळं कळलंय, निरोप घेतोय. त्यांचा जीव होता त्याच्यावर, म्हणून मी काही बोललो नाही. पण त्याच्या मळमळीला निरोप म्हणायला मला जमत नाही.

इंजेक्शनचा निर्णय आण्णांनी घेतला. 2019 च्या पुरात त्याला खांद्यावर घेऊन छातीभर पाण्यातून तेच बाहेर पडले होते. डॉक्टर घरी आले. आधी गुंगीचं दिलं, तो झोपल्यावर पुढच्या पायाच्या शिरेतून दुसरं. डोळे उघडेच राहतात, हे त्यांनी आधी सांगितलं होतं, ते बरं झालं.

मामांच्या उसाच्या रानात बांधाला चार फूट खड्डा काढला. दुसरी कुत्री उकरतात, म्हणून खोल, वर दगड. आण्णांनी कुदळ दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाही.

सलाईनच्या तीन बाटल्या उरल्या होत्या. मी बुधवारी दवाखान्यात नेऊन दिल्या. बाकावर एक मुलगा मांडीवर काळं कुत्रं घेऊन बसला होता. मी त्याला विचारलं, पाणी किती पितंय?