हात डोक्यावर नेताना खचणारा खांदा: एका प्रतिक्रियेला उत्तर

«लेखात सांगितल्याप्रमाणे खांद्याचे वेट्स गुळगुळीत केले, तरी हात वर नेला की खांदा आत खचतो आणि बरगड्याही वर ओढल्या जातात. ब्लेंडरमध्ये Preserve Volume सुरू केले की भागते, मग एवढे रंगवत बसायचे कशाला?»

तो लेख त्रिमितीय मॉडेलच्या खांद्याचे वेट्स रंगवण्याविषयी होता; मॉडेलचा एखादा बिंदू कोणत्या हाडाबरोबर किती हलावा याचे प्रमाण म्हणजे वेट. आपण टिपलेले दोन्ही दोष खरे आहेत, मात्र त्यांची कारणे वेगवेगळी आहेत.

ज्या बिंदूवर दंडाच्या आणि गळपट्टीच्या हाडाचे वेट निम्मे-निम्मे असते, तो बिंदू दोन्ही हाडे त्याला जेथे नेतील त्या जागांच्या बरोबर मध्ये येऊन बसतो, आणि म्हणून सांध्याच्या जवळ सरकतो. हात आडवे पसरलेल्या टी-पोझमधून हात सरळ वर नेताना सगळे ९० अंश एकट्या दंडाने फिरवले, तर त्या बिंदूचे सांध्यापासूनचे अंतर मूळच्या सुमारे ७१ टक्केच उरते. वेट्स कितीही गुळगुळीत केले तरी ही घट टळत नाही. त्यांपैकी ३० अंश गळपट्टीच्या हाडाला दिले, तर दंडाला तिच्या तुलनेत ६०च अंश फिरावे लागते आणि अंतर ८७ टक्के राहते. शरीरातही हात वर जाताना खांद्याचे पाते फिरतेच. म्हणून आधी गळपट्टीचे हाड फिरवावे आणि हात वर असलेल्या स्थितीतच वेट्स रंगवावेत.

बरगड्यांचा दोष मात्र गुळगुळीत करण्यातूनच येतो, कारण त्यामुळे दंडाचे वेट खाली झिरपते. ०.०५ एवढे वेट पडद्यावर जवळपास शून्यासारखे निळेच दिसते; पण सांध्यापासून २० सेंटिमीटरवरचा बिंदू ९० अंशांत दंडाबरोबर सुमारे २८ सेंटिमीटर गेला असता, त्यामुळे एवढ्याशा वेटनेही तो जवळपास दीड सेंटिमीटर सरकतो. ते रंगावरून नव्हे, तर हात सावकाश वर-खाली करून शोधावे. प्रत्येक बिंदूवरच्या वेट्सची बेरीज १ ठेवणारे Auto Normalize सुरू ठेवून तेथील दंडाचे वेट शून्यावर आणावे. ते छातीच्या हाडाकडे जावे यासाठी त्या बिंदूंवर छातीचे वेट आधीपासून असले पाहिजे. काखेत मात्र वेटचा उतार लांब हवा, कारण तेथली त्वचा ताणली जाते: काखेच्या मध्यावर दंडाचे ०.५, त्याखालच्या ओळीत ०.२५, पुढच्या ओळीत ०.१ आणि नंतर काहीच नाही. खांद्याच्या माथ्यावर त्वचा दबते, म्हणून तेथला उतार आखूड ठेवावा.

कोपराला हाताभोवती फिरणारी बिंदूंची तीन कडी पुरतात. मधल्या कड्यावर ०.५ ठेवावे, मात्र कोपराचे मागचे टोक बहुतांशी हाताच्या पुढच्या भागाकडे द्यावे, कारण ते टोक त्याच भागातल्या हाडाचे असते.

Preserve Volume घनफळ राखते खरे, परंतु वाकलेल्या सांध्याबाहेर फुगवटा आणते. शिवाय बहुतेक गेम इंजिने साधे रेषीय मिश्रणच, म्हणजे वर सांगितलेली जागांची सरासरीच, वापरतात, त्यामुळे तेथे नेलेल्या मॉडेलचा खांदा पुन्हा खचलेला दिसेल.