नागीण म्हणजे कायम कॉन्टॅक्ट? नाही

‘नागीण आली की डोळे झाकून कॉन्टॅक्ट प्रिकॉशन्स, एअरबोर्न फक्त कांजिण्यांना.’ ठाण्यातल्या नर्सिंगच्या मुलांच्या ग्रुपवर सध्या हे फिरतंय.

हे अर्धवट आहे, आणि परीक्षेत गुण तिथेच जातात. दोन्ही आजारांचा विषाणू एकच. त्यामुळे प्रश्नात दोन गोष्टी शोधा: पुरळ एकाच पट्ट्यात आहे की अंगभर, आणि पेशंटची प्रतिकारशक्ती कशी आहे. धडधाकट माणसाच्या बरगडीवर एकच पट्टा असेल आणि फोड झाकता येत असतील, तर स्टँडर्ड प्रिकॉशन्स पुरतात. म्हणजे इथे कॉन्टॅक्टही चुकीचं.

आता हा पेशंट घ्या. वय ५८, किडनी ट्रान्सप्लांट झालेलं, टॅक्रोलिमस चालू, उजव्या छातीवर कालपासून पाणीदार फोड. पट्टा एकच, पण प्रतिकारशक्ती दबलेली, त्यामुळे विषाणू अंगभर पसरण्याचा धोका मोठा. उत्तर एअरबोर्न अधिक कॉन्टॅक्ट: निगेटिव्ह प्रेशरची खोली, दार बंद, गाऊन आणि ग्लोव्हज. आजार पसरलेला नाही हे नक्की होईपर्यंत हेच. पसरलाच, तर सगळे फोड सुकून खपली धरेपर्यंत. पाठीवर, मांडीवर सुटे फोड दिसू लागले तर पसरल्याचा संशय घ्या.

पर्यायांत ‘सर्जिकल मास्क लावून कोणीही आत जावं’ असं हमखास असतं. ते खोडा. ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत, लसही नाही, त्यांना या पेशंटची ड्यूटी देत नाहीत. एन-९५ हा त्यावरचा उतारा नव्हे.