शून्य, एक, एक, दोन, दोन

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात माझ्याकडे एक चार्ट असतो, वेबसाइटला दर महिन्याला किती भेटी मिळाल्या त्याचा. आकडे आणणं, साफ करणं, जुळवणं हे सगळं दुपारच्या चहाआधी उरकतं. उरलेला दिवस अ‍ॅक्सिसवर जातो. हे घरी सांगून कुणाला पटत नाही, म्हणून मी आपलं "खूप काम होतं" एवढंच सांगतो.

चार्ट मला वारशात मिळालाय आणि आधीच्या माणसाला अचूकतेची दांडगी हौस होती. सगळ्यात मोठा आकडा १,८७,४३,२१०, आणि उभ्या अ‍ॅक्सिसवर शून्यापासून दोन कोटींपर्यंत साडेबारा लाखांच्या टप्प्याने लेबलं, म्हणजे मोजून सतरा, आणि प्रत्येक लेबल सगळ्या शून्यांसकट. १,३७,५०,०००. १,६२,५०,०००. डावीकडची चांगली ऐसपैस जागा या शून्यांनीच खाल्लेली. शिवाय प्रत्येक लेबलापासून एक गडद आडवी रेघ, प्रत्येक महिन्यावर एक उभी रेघ, आणि मध्ये कुठेतरी डेटाची निळी लाइन मच्छरदाणीत झोपल्यासारखी. आमचे सर चार्ट हातात धरून विचारायचे, "बरं, एप्रिलचे किती?" चार्ट हातात धरून!

पण त्यांचं तरी काय चुकलं? एप्रिलचा ठिपका शून्याची रेघ सोडून खालून सातव्या आणि आठव्या रेघेच्या मध्ये होता, आणि सात गुणिले साडेबारा कोण करत बसणार मीटिंगमध्ये.

टप्पा निवडायची रीत खरं तर सोपी आहे, १९९० साली पॉल हेकबर्ट नावाच्या माणसाने ती चक्क छापून ठेवलीय आणि चार्ट काढणारी बरीच सॉफ्टवेअर आजही तशाच काहीतरी हिशेबाने चालतात. टप्पा एक, दोन किंवा पाच, आणि पुढे हवी तेवढी शून्यं. बस. आमचंच बघा, पाच भाग करायचे म्हटलं तर १ कोटी ८७ लाख भागिले पाच, साधारण साडेसदतीस लाख आले. म्हणजे शून्यं बाजूला ठेवली तर आकडा ३.७५ च्या आसपास, तो दोनपेक्षा पाचाला जवळचा धरायचा, की टप्पा झाला ५० लाख. शून्य, पन्नास लाख, एक कोटी, दीड कोटी, दोन कोटी. पाच लेबलं. आता एप्रिलचा ठिपका एक कोटीच्या जरासा खाली दिसतो आणि सर स्वतःच म्हणतात, "नव्वदेक लाख असतील." तीनचा टप्पा दिसायला निरागस वाटतो पण दोन रेघांच्या मधला ठिपका वाचायला गेलं की दीड, साडेचार, साडेसात असली वाट लागते, आणि सातचा टप्पा ठेवणाऱ्याशी तर मी बोलतच नाही.

तर टप्पा ठरला, मग सर म्हणाले, "एवढी शून्यं कशाला, कोटीत दाखवा ना." योग्यच होतं. मी एकक कोटी केलं आणि सॉफ्टवेअरने परस्पर ठरवलं की दशांश चिन्हानंतरचं काही दाखवायचं नाही. अ‍ॅक्सिसवर खालून वर आलं: ०, १, १, २, २.

कवायतीसारखं. सर बराच वेळ बघत राहिले. "हे एक दोनदा का आलंय?" आता ०.५ जवळच्या पूर्णांकात नेला की १ होतो आणि १.५ चा २ होतो हे मला माहीत होतं, पण हे सांगून सुटका होणार होती का? "आणि दोनच्या वर परत दोन?" नाही झाली.

इथे नियम असा की दशांशाची घरं टप्प्यावरून ठरवायची, डेटावरून नाही. टप्पा ०.५ असेल तर एक घर, आणि ते सगळ्या लेबलांना सारखं, म्हणजे ०.५, १.०, १.५. टप्पा ०.२५ असेल तर दोन घरं लागणारच, तिथे एकच ठेवलं तर ०.३, ०.५, ०.८, १.० असं छापून येतं, म्हणजे रेघांमधलं अंतर सारखं आणि आकड्यांमधलं एकदा दोन, एकदा तीन. हे पहिल्यापेक्षा वाईट, कारण एक एक दोन दोन निदान डोळ्यात भरतं, हे सहज खपून जातं. आणि एककं मिसळायची नाहीत. "५० लाख" च्या वर "१ कोटी" आणि त्यावर "१.५ कोटी" लिहिलं की वाचणारा पन्नासावरून एकावर पडतो. कोटी हा शब्द एकदाच, वर, अ‍ॅक्सिसच्या डोक्यावर.

ग्रिडलाइनचं फार नाटक नाही. रेघ असते ती डोळ्याला ठिपक्यापासून लेबलापर्यंत हात धरून न्यायला, म्हणून जेवढी लेबलं तेवढ्याच रेघा, बारीक, फिक्या राखाडी, डेटाच्या मागे. शून्याची तेवढी जरा गडद. उभ्या सगळ्या काढून टाकल्या, कुणाच्या लक्षातही आलं नाही. फिकी किती हे मी खुर्ची मागे ढकलून, डोळे बारीक करून ठरवतो. आधी निळी लाइन दिसली पाहिजे, रेघा शोधल्यावर. या अवस्थेत मला बघून शेजारच्या सहकाऱ्याने एकदा डोळ्याच्या डॉक्टरचा नंबर दिला.

आडव्या अ‍ॅक्सिसवर मात्र एक-दोन-पाच चालत नाही, कारण वर्षात महिने बारा. पाच महिन्यांच्या टप्प्याने जानेवारी, जून, नोव्हेंबर, एप्रिल असं येतं आणि दरवर्षी वेगळेच महिने दिसतात. त्याहून भारी म्हणजे वारशातल्या चार्टमध्ये टप्पा ३० दिवसांचा होता. २०२३ चा १ जानेवारी, त्यात ३० मिळवले की ३१ जानेवारी, पुढचे ३० मिळवले की २ मार्च. लेबलात फक्त महिना, त्यामुळे खाली ओळीने जाने, जाने, मार्च, एप्रिल, मे, मे. फेब्रुवारीत वेबसाइट बंद होती का, असं एकाने गंभीरपणे विचारलं होतं म्हणे. आता मी महिन्यांचाच टप्पा ठेवतो, तीन-तीनचा, जाने, एप्रिल, जुलै, ऑक्टो, मधल्या महिन्यांना नुसती छोटी खूण आणि साल फक्त जानेवारीच्या खाली. दोन वर्षांच्या चोवीस तिरक्या लेबलांची आठ सरळ लेबलं झाली, मान वाकडी करायची गरज संपली.

एवढं सगळं बसलं आणि पुढच्याच महिन्यात भेटी गेल्या २ कोटी ६ लाखांवर. जवळजवळ दहा टक्के वाढ, सगळे खूश. सॉफ्टवेअरही खूश, त्याने स्वतःहून अ‍ॅक्सिस अडीच कोटींपर्यंत ताणला. आधी शिखर चार्टच्या उंचीच्या ९४ टक्क्यांवर होतं, आता आलं ८२ वर. सरांनी दोन्ही महिन्यांचे प्रिंट शेजारी शेजारी ठेवले. "अहो, वाढलो म्हणताय आणि चार्ट खाली आलाय!"

यावर इलाज दोन. एक तर शेवटची रेघ दोन कोटींवरच ठेवायची आणि शिखराला तिच्यावर थोडं डोकं काढू द्यायचं, वर जागा वाया जात नाही, पण मग "लाइन बाहेर गेलीय" असे फोन येतात. दुसरं म्हणजे कमाल मर्यादा वर्षभरासाठी हाताने अडीच कोटींवर बांधून टाकायची आणि मागचे चार्टही त्याच मापाने परत काढायचे, म्हणजे शेजारी ठेवले तरी खोटं बोलत नाहीत. मी दुसरं केलं, सगळे परत काढले, सरांसमोर ठेवले.

सरांनी जानेवारीचा उचलला, शिखराच्या वरच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही एवढी जागा रिकामीच आहे ना? इथे लोगो टाका की."