मोड्युलो काउंटर: == की >= ? एका प्रतिक्रियेला उत्तर

मोड्युलो काउंटरवरच्या माझ्या लेखात मोजणी निवड-लाइनींवरच्या मर्यादेशी जुळली (==) की काउंटर क्लिअर होऊन शून्यावर येतो. त्यावर वाचकाची प्रतिक्रिया: “चालू काउंटरची मर्यादा मध्येच कमी केली तर तुमचा इक्वॅलिटी कंपॅरेटर कधीच जुळत नाही, काउंटर सुसाट सुटतो. तिथे >= हवं, हे दुसऱ्या सेमिस्टरचं पोरही सांगेल. असिंक्रोनस क्लिअरच्या ग्लिचबद्दल अवाक्षर नाही. आकृतीत निवड-लाइनींवर N लिहिलंय, तिथे N−1 हवं. पाया कच्चा असेल तर शिकवायला बसू नका.”

शेवटच्या वाक्याचं आधी बोलतो. चूक दाखवायला तुमची अजिबात ना नाही, पण “पाया कच्चा” हे चूक दाखवणं नव्हे. लेख पूर्ण वाचला असतात तर आकृतीत ७४१६३ आहे हे दिसलं असतं. त्याचा क्लिअर सिंक्रोनस असतो, म्हणजे पुढच्या क्लॉक-कडेलाच लागतो. ग्लिचचा मुद्दा तिथेच संपतो. N−1 चं म्हणणं मात्र मान्य. लाइनींवर ५ ठेवले की काउंटर ० ते ५ असे सहा टप्पे मोजतो. मजकुरात ते होतं, आकृतीतली खूण आता बदलली आहे.

आता “कधीच जुळत नाही”. मुळात हा शब्दच चुकीचा आहे. चार बिटांचा काउंटर ९ वर आहे आणि लाइनी १२ वरून ५ वर आणल्या, असं धरा. तो १०, ११ करत १५ पर्यंत जातो, तिथून आपोआप ० वर येतो आणि ५ वर जुळतो. म्हणजे बदलानंतर बारा पल्सनी जुळणी होते, तेराव्याला क्लिअर, आणि तिथून पुढे दर फेरी बरोबर सहा टप्प्यांची. बिघडते ती एकच फेरी. सोळा बिटांत हीच फेरी ६५ हजारांच्या वर पल्स खाऊ शकते, म्हणजे १ किलोहर्ट्झला मिनिटभराहून जास्त. तेव्हा त्रास खरा आहे, तो मी नाकारत नाही. तुमचं औषध मात्र मला पटत नाही.

ते का, ते सांगतो. मी अनेक वर्षं मोजणीची पॅनलं दुरुस्त केली आहेत. एका पॅकिंग मशीनवर ऑपरेटर चालू मशीनमध्येच स्विच फिरवायचा आणि खोकी अर्धवट भरून पुढे जायची. आत >= होतं. ७ वरून ८ वर जाताना लाइनी ०१११ च्या १००० होतात. चारही लाइनी एकाच क्षणी बदलत नाहीत. खालच्या तीन आधी पडल्या तर मधे क्षणभर ०००० दिसतं, आणि कुठलाही आकडा शून्याहून मोठा किंवा त्याच्याएवढा असतोच. नेमकी तेव्हा क्लॉक-कड आली की मोजणी तिथेच पुसली जाते. इक्वॅलिटीत ती खोटी मर्यादा चालू आकड्याशी तंतोतंत जुळली तरच हे घडतं. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, स्कोपवर पाहिलेलं आहे. आणि लाइनी अगदी स्वच्छ बदलल्या तरी तुमच्या >= मध्ये वरच्या उदाहरणातली चालू फेरी ९ वर तुटते. ती जुन्या मर्यादेचीही नाही आणि नव्याचीही नाही.

खरा दोष मर्यादा फेरीच्या मध्यात बदलू देण्यात आहे. म्हणून ती `lim` या रजिस्टरमध्ये धरायची आणि `sel` या निवड-लाइनींवरची नवी मर्यादा फक्त फेरी संपताना आत घ्यायची:

```verilog
always @(posedge clk)
  if (rst || q == lim) begin
    q   <= 0;
    lim <= sel;
  end else
    q <= q + 1;
```

`lim` बदलतं त्याच कडेला `q` शून्य होतो. त्यामुळे एकदा `rst` दिल्यावर `q` कधीच `lim` च्या पुढे असू शकत नाही आणि == पुरतं. ९ वर असताना ५ निवडलं तर चालू फेरी १२ पर्यंत पूर्ण होते, पुढची ५ ची. चालू केल्यावर `rst` विसरलात तर मात्र फ्लिप-फ्लॉप कुठल्याही अवस्थेत उठतात आणि पहिली फेरी लांबू शकते.

यात एक फट उरते, तीही सांगतो, कारण तुम्ही ती विचारलीच नाहीत. फेरी संपण्याच्या नेमक्या क्षणी स्विच फिरत असेल तर `lim` मध्ये अर्धवट आकडा शिरतो आणि ती पूर्ण फेरी त्याच्यावर चालते. प्रत्येक लाइनीला दोन फ्लिप-फ्लॉपचा सिंक्रोनायझर लावून हे सुटत नाही, कारण चार लाइनी वेगवेगळ्या कडेला आत पोचू शकतात. त्यासाठी “लागू करा” असं वेगळं बटण घ्यायचं, त्याचं बाउन्स काढायचं, आणि लाइनी स्थिर झाल्यावर ते दाबलं तरच `sel` आत घ्यायचं.