खुलासा: निमुळती बादली ‘अर्धी’ भरली म्हणजे किती?

एक समज असा: “तोंड आणि बूड यांच्या व्यासांची सरासरी घेऊन बादलीचं माप अचूक येतं. अर्ध्या उंचीला निम्मं पाणी.”

पहिली चूक किरकोळ आहे. आतून तोंड ३०, बूड २०, उंची ३० सेंमी धरा. सरासरी व्यासाने १४.७ लिटर येतात. खरं सूत्र हे, त्यात D तोंडाचा व्यास, d बुडाचा व्यास आणि h उंची, सगळं सेंमीत:

`V = π × h × (D² + D×d + d²) ÷ 12`

उत्तराला १००० ने भागलं की १४.९ लिटर येतात. सरासरीने माप नेहमी थोडं कमीच भरतं. धुण्याभांड्याला काय फरक पडतो!

दुसरी चूक मात्र महागात पडते. १५ सेंमीवर व्यास २५ असतो, म्हणून तिथवर पाणी फक्त ६ लिटर, साडेसात नव्हे. निम्मं समजून फवारणीचं औषध घातलंत, तर द्रावण जवळपास पाव पटीने जास्त कडक होतं. त्यापेक्षा लिटरच्या मापाने एकदा पाणी ओतून बादलीवर खुणा करा.